साठा मोजणीचं तफावत पत्रक: कच्च्या फरकापासून पक्क्या नोंदीपर्यंत

मोजणी संपली, मोजणीच्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या आणि संगणकातली शिल्लकही छापून ठेवली. आता एकातून दुसरं वजा केलं की तफावत पत्रक तयार, असं पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला वाटतं. पण त्या वजाबाकीतून जो आकडा येतो तो तुटीचा नसतो. त्यात उशिरा चढवलेली कागदपत्रं असतात, एककाच्या चुका असतात, चुकीच्या कोडवर गेलेल्या नोंदी असतात आणि खरी तूटही असते. पत्रकाचं काम ही सगळी वेगळी करण्याचं आहे. ती वेगळी न करता रक्कम वरिष्ठांपुढे ठेवली, तर स्टोअरकीपरवर नसलेल्या तुटीचा ठपका येतो किंवा असलेली तूट वाढीच्या आड लपून जाते.

समजायला सोपं जावं म्हणून एका देखभाल स्टोअरचं उदाहरण घेऊन चालू. माल सात प्रकारचा आहे आणि मोजणी महिनाअखेरीला संध्याकाळी ६ वाजता, सगळी हालचाल थांबवून झाली आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत. रकमा तुमच्या चलनात समजा.

## हाताशी काय हवं

- मोजणीच्या क्षणाची पुस्तकी शिल्लक, त्याच वेळी काढून गोठवलेली
- अनुक्रमांक छापलेल्या मोजणी चिठ्ठ्या: वापरलेल्या, रद्द केलेल्या आणि कोऱ्या उरलेल्या, सगळ्या
- मोजणीआधीच्या शेवटच्या आवक पावतीचा, इश्यू स्लिपचा, परतीच्या चिठ्ठीचा आणि डिलिव्हरी चलनाचा क्रमांक
- प्रत्येक मालाचं पुस्तकी एकक आणि पॅकिंग: एका खोक्यात किती नग, एका गुंडाळीत किती मीटर
- मोजणीच्या तारखेचा प्रत्येक मालाचा पुस्तकी दर
- मागच्या मोजणीपासून आजपर्यंतचा स्टॉक लेजर

यातली पहिली गोष्ट सर्वात जास्त चुकते. मोजणी ३१ तारखेला आणि पुस्तकी शिल्लक २ तारखेला काढलेली असेल, तर मधल्या दोन दिवसांची सगळी हालचाल तफावत म्हणून दिसेल. तुमच्या प्रणालीत मागच्या तारखेची शिल्लक काढता येत असेल तरी सावध राहा. नंतर कुणी मागच्या तारखेने नोंद चढवली की तो अहवाल बदलतो. म्हणून मोजणीच्या वेळीच अहवाल काढा, फाइल वेगळी जतन करा आणि पत्रकावर अहवाल काढल्याची वेळ लिहा.

## १. मोजणीचे आकडे पत्रकात आणा

मोजणाऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर पुस्तकी शिल्लक छापलेली नसावी. समोर ९६ दिसत असेल तर ८९ डबे मोजणारा माणूस पुन्हा मोजतो, आणि ९६ मोजणारा पुन्हा मोजत नाही. त्यामुळे जुळणाऱ्या आकड्यांची तपासणीच होत नाही.

चिठ्ठ्या पत्रकात चढवण्याआधी त्यांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहा. मधली एक चिठ्ठी हरवली असेल तर एक अख्खा कप्पा तूट म्हणून दिसेल.

एकच माल दोन-तीन ठिकाणी ठेवलेला असतो, म्हणून एका कोडच्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करावी लागते. मोजणीच्या ओळी `Count` नावाच्या वेगळ्या शीटवर ठेवा: A स्तंभात मालाचा कोड आणि D स्तंभात पुस्तकी एककातली संख्या. मुख्य पत्रकाची मांडणी अशी ठेवा: A कोड, B नाव, C एकक, D पुस्तकी शिल्लक, E नोंद न झालेली आवक, F नोंद न झालेली जावक, G समायोजित शिल्लक, H प्रत्यक्ष मोजणी, I तफावत, J दर, K तुटीची रक्कम, L वाढीची रक्कम, M कारण, N पुरावा.

```
G2: =D2+E2-F2
H2: =IF(COUNTIFS(Count!A:A,A2)=0,"",SUMIFS(Count!D:D,Count!A:A,A2))
I2: =IF(H2="","",ROUND(H2-G2,3))
K2: =IF(N(I2)<0,ROUND(-I2*J2,2),0)
L2: =IF(N(I2)>0,ROUND(I2*J2,2),0)
```

H स्तंभातला `COUNTIFS` महत्त्वाचा आहे. नुसतं `SUMIFS` वापरलं तर न मोजलेल्या मालापुढे शून्य येतं आणि तो माल पूर्ण गायब झाल्यासारखा दिसतो. मोजणी शून्य आणि मोजणीच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न मोजलेली ओळ रिकामी राहू द्या आणि आधी जाऊन मोजा.

उलट बाजूनेही माल निसटतो. पुस्तकात शून्य शिल्लक असलेले कोड बहुतेक अहवालांत छापलेच जात नाहीत. तो माल रॅकवर सापडला तर `Count` शीटवर येतो, पण मुख्य पत्रकात त्याची ओळच नसते. म्हणून H स्तंभाची बेरीज आणि `Count` शीटच्या D स्तंभाची बेरीज एकमेकांशी जुळवा. जुळली नाही तर कुठला तरी कोड बाहेर राहिला आहे, किंवा मुख्य पत्रकात एखादा कोड दोनदा आला आहे. आपल्या उदाहरणातले १५ गॅस्केट असेच बाहेर राहिले असते.

## २. पहिला कच्चा फरक पाहा, पण कुणाला पाठवू नका

E आणि F रिकामे ठेवून आणि दर प्रणालीतून जसाच्या तसा घेऊन पत्रक असं दिसतं:

| माल | पुस्तकी | मोजणी | फरक | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| बेअरिंग, नग | १४८ | १३६ | −१२ | २१० | −२,५२० |
| बोल्ट, नग | २,९५० | २९ | −२,९२१ | ४.५० | −१३,१४४.५० |
| वायर दीड चौ. मिमी, मीटर | ६२० | ५२० | −१०० | १८ | −१,८०० |
| वायर अडीच चौ. मिमी, मीटर | ४१० | ५१० | +१०० | २९ | +२,९०० |
| रंग, डबे | ९६ | ८९ | −७ | ६४० | −४,४८० |
| ग्रीस, किलो | २१२ | २०६ | −६ | २६० | −१,५६० |
| गॅस्केट, नग | ० | १५ | +१५ | ० | ० |

तूट २३,५०४.५०, वाढ २,९००, निव्वळ तूट २०,६०४.५०. हे पत्रक बाहेर गेलं की पहिला प्रश्न येईल तो बोल्टचा. तिथे चोरीही नाही आणि तूटही जवळजवळ नाही. कच्चं पत्रक फक्त शोध कुठून सुरू करायचा ते सांगण्यापुरतं वापरा.

## ३. एकक तपासा

सगळ्यात मोठ्या फरकापासून सुरुवात करा आणि पहिली शंका एककावर घ्या. बोल्टची पुस्तकी शिल्लक नगांत आहे, मोजणाऱ्याने मात्र खोकी मोजून २९ लिहिलं. एका खोक्यात १०० नग असतात. पुन्हा जाऊन पाहिल्यावर २९ बंद खोकी आणि एका उघड्या खोक्यात ३६ सुटे नग निघाले, म्हणजे २,९३६. खरा फरक १४ नगांचा, रक्कम ६३.

मोजणी आणि पुस्तक यांचं गुणोत्तर पॅकिंगच्या आकड्याजवळ गेलं की एककाची चूक आहे असं समजून चालायला हरकत नाही. इथे २,९५० भागिले २९ म्हणजे जवळपास १०२. मात्र पत्रकात २९ ला १०० ने गुणून मोकळं होऊ नका. सुटे नग कागदावर नसतात, ते जागेवर जाऊनच कळतात. बंद खोक्यांपैकी काही उघडून आत खरंच १०० आहेत का तेही पाहा, विशेषतः चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावल्यासारखी दिसली तर.

वजनावरच्या मालात हाच सापळा वेगळ्या रूपात येतो. ग्रीसचा ड्रम वजन करताना रिकाम्या ड्रमचं वजन वजा केलं का? अर्धवट भरलेले तीन ड्रम असतील तर ती चूक तीनदा होते, आणि ती नेहमी वाढ म्हणूनच दिसते.

## ४. कट-ऑफ जुळवा

कट-ऑफ म्हणजे कुठल्या क्षणापर्यंतची हालचाल धरायची ती रेषा. मोजणीच्या आसपास आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारा: हालचाल मोजणीत उतरली का, म्हणजे आलेला माल धरला गेला किंवा गेलेला माल वगळला गेला का, आणि तिची नोंद पुस्तकी शिल्लकेत आली का? दोन्हींचं उत्तर सारखं असेल तर काहीच करायचं नाही. उत्तरं वेगळी असतील तरच पुस्तकी शिल्लक सुधारायची.

बेअरिंगचं पाहू. दुपारी ४ वाजता २० नग आले, रॅकवर लागले आणि मोजले गेले. आवक पावती मात्र दुसऱ्या दिवशी चढली. मोजणीत आहे, पुस्तकात नाही. म्हणून E मध्ये २०. त्याच दिवशी सकाळी ३० नग दुरुस्तीच्या कामाला दिले आणि इश्यू स्लिप फोरमनच्या टेबलावर राहिली. रॅकवर ते नव्हते, पुस्तकात मात्र अजून होते. म्हणून F मध्ये ३०. समायोजित शिल्लक १४८ + २० − ३० = १३८, मोजणी १३६. खरी तूट २ नगांची, रक्कम ४२०. १२ नगांच्या कच्च्या फरकात १० नग निव्वळ उशिरा चढलेल्या कागदांचे होते.

नवशिके सहसा दोन ठिकाणी घसरतात. एक, आलेला माल तपासणीच्या जागेत पडून होता आणि मोजलाच गेला नाही, तरी आवक पावती पाहून E मध्ये आकडा भरला जातो. त्यामुळे खोटी तूट तयार होते. दोन, उलटा प्रकार: पुरवठादाराच्या बिलावरून नोंद आधीच झाली आणि माल अजून वाटेत आहे. तो मोजणीत असूच शकत नाही, म्हणून पुस्तकी शिल्लकेतून तेवढा कमी करा आणि वाटेतला माल असं वेगळं दाखवा. दुसऱ्याच्या मालकीचा माल, उदाहरणार्थ दुरुस्तीसाठी आलेला, रॅकवर असला तरी तुमच्या पत्रकात येत नाही. तो मोजला गेला असेल तर H मधूनच काढा.

E आणि F मधल्या प्रत्येक आकड्यापुढे N स्तंभात कागदाचा क्रमांक हवाच. या दोन स्तंभांतून कुठलीही तूट नाहीशी करता येते. पुराव्याशिवाय इथे आकडा टाकायचा नाही, मग तो कुणीही सांगितलेला असो.

## ५. उरलेल्या फरकाची पुनर्मोजणी आणि शोध

आता जे उरलं ते पहिल्यांदा मोजणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. कुठल्या ओळी पुन्हा मोजायच्या याची मर्यादा मोजणीआधीच ठरवून लिहून ठेवा, आणि ती रकमेवर तसंच टक्केवारीवर अशी दोन्हींवर ठेवा. फक्त टक्केवारी पाहिली तर स्वस्त सुट्या मालातच दिवस जातो. फक्त रक्कम पाहिली तर स्वस्त मालात दर महिन्याला होणारी गळती कधीच नजरेत येत नाही. पुस्तकी शिल्लक शून्य किंवा उणे असेल तर टक्केवारीला अर्थच नसतो, ती ओळ थेट तपासायला घ्या. उणे शिल्लकेत हिशोबही चुकतो: पुस्तकात −८ आणि रॅकवर ४ असतील तर फरक १२ चा आहे, ४ चा नाही.

पुनर्मोजणीतही आकडा तोच आला की लेजरकडे वळा, आणि फरकाचा आकडाच घेऊन शोधा. रंगाचे ७ डबे कमी आहेत. तर आधी ७ ची एखादी स्लिप नोंदवायची राहिली आहे का ते पाहा. फरक सम असता, समजा १४, तर ७ चा इश्यू चुकून आवक म्हणून चढला आहे का ते पाहिलं असतं, कारण उलट्या बाजूची नोंद दुप्पट फरक पाडते. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोधा: ४५ च्या जागी ५४ लिहिलं की फरक ९ चा पडतो. ७ मध्ये यातलं काही बसत नाही. शेजारच्या शेडमध्ये डबे नाहीत, उघडे राहिलेले जॉब तपासले, त्यांत जास्तीचा वापर नाही. मग M स्तंभात ‘कारण सापडलं नाही’ असंच लिहायचं. नोंदणीतली चूक असावी, वापरले गेले असावेत, असले शब्द नकोत. पुढच्या मोजणीलाही रंगच कमी निघाला तर ‘कारण सापडलं नाही’ या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवता येतात. अंदाजाने लिहिलेली कारणं तो धागा तोडून टाकतात.

ग्रीसच्या बाबतीत टक्केवारी कशावर काढायची हा खरा प्रश्न आहे. २१२ किलोच्या शिल्लकेवर ६ किलो म्हणजे सुमारे २.८ टक्के, बराच मोठा आकडा वाटतो. पण हाताळणीतली घट शिल्लक पडून असल्यामुळे होत नाही. ग्रीस काढताना, मापताना, डब्यात भरताना ती होते. म्हणून ती मागच्या मोजणीपासून झालेल्या इश्यूशी ताडून पाहायची. तो इश्यू १,५०० किलो आहे, म्हणजे घट ०.४ टक्के. या स्टोअरने ग्रीससाठी आधीच इश्यूच्या ०.५ टक्के, म्हणजे ७.५ किलो, नेहमीची घट मान्य केली आहे. ६ किलो त्यात बसतात. हाच माल त्या काळात फक्त १०० किलो दिला गेला असता तर तीच ६ किलोची घट चौकशीची ठरली असती. मान्य घटीचं प्रमाण फक्त सांडणाऱ्या, वाळणाऱ्या, चिकटून राहणाऱ्या मालाला असतं. बेअरिंग किंवा रंगाच्या बंद डब्यांना कसलीही मान्य घट नसते. तिथे १ नग कमी म्हणजे १ नग कमी.

## ६. तूट आणि वाढ एकमेकांत कधी मिळवायची

वायरच्या दोन ओळी पाहिल्या की मोह होतो: एकीकडे १०० मीटर कमी, दुसरीकडे १०० मीटर जास्त, म्हणजे फिटलं. असं फिटवायला कागद लागतो. एकमेकांसारखा माल, शेजारची जागा, एकच काळ आणि तेवढीच संख्या, हे सगळं असलं तरी तो संशय झाला, पुरावा नव्हे. इथे पुरावा सापडला: स्लिपवर दीड चौरस मिलिमीटरची एक गुंडाळी लिहिली होती आणि संगणकात ती अडीचच्या कोडवर चढली. त्यामुळे दीडची शिल्लक कमी झालीच नाही आणि अडीचची उगाच कमी झाली.

संख्या फिटली तरी रक्कम फिटत नाही, हे इथे नीट बघा. दीडमधून १,८०० कमी करायचे, अडीचमध्ये २,९०० परत घ्यायचे, म्हणजे साठ्याची रक्कम १,१०० ने वाढते. हे उत्पन्न नाही. ज्या कामावर अडीचची वायर म्हणून जादा खर्च पडला होता, त्या कामाचा खर्च तेवढा कमी होतो. म्हणून ही दुरुस्ती मूळ इश्यू उलटा करून, योग्य कोडवर पुन्हा चढवून करा. ती तूट किंवा वाढीच्या खात्यात नेऊ नका.

कागद सापडला नसता तर दोन्ही ओळी वेगळ्या दाखवाव्या लागल्या असत्या: तूट १,८०० आणि वाढ २,९००. पत्रकाच्या तळाशी म्हणूनच तीन बेरजा असतात: एकूण तूट, एकूण वाढ आणि निव्वळ. निव्वळ आकडा खात्यासाठी लागतो. नियंत्रण किती सैल आहे हे मात्र पहिले दोन सांगतात. ५०,००० ची तूट आणि ४९,००० ची वाढ असलेलं स्टोअर १,००० चा निव्वळ फरक दाखवून उत्तम चालल्यासारखं दिसू शकतं.

## ७. दर लावा

तुटीला पुस्तकी दर लावायचा, म्हणजे तो माल तुमच्या पुस्तकात ज्या दराने बसलेला आहे तोच. भारित सरासरी पद्धत असेल तर मोजणीच्या तारखेची सरासरी. आधी आलेला माल आधी, ही पद्धत असेल तर सर्वसाधारण इश्यूप्रमाणे सर्वात जुन्या थरापासून. विक्रीचा दर लावला तर पुस्तकात जेवढी रक्कम होतीच नाही तेवढी बाहेर काढली जाते आणि उरलेल्या मालाचा दर बिघडतो. विमा दावा किंवा वसुली यांसाठी वेगळा दर लागणार असेल तर त्याचा वेगळा स्तंभ करा, K मध्ये ते मिसळू नका.

वाढीलाही तोच पुस्तकी दर, म्हणजे सरासरी हलत नाही. अडचण गॅस्केटसारख्या ओळीत येते. शिल्लक शून्य म्हणून प्रणालीतला दरही शून्य, आणि १५ नग फुकट असल्यासारखे पुस्तकात येतात. पुढे ते वापरले की त्या कामाचा खर्चही शून्य दिसतो. अशा वेळी शेवटचा खरेदी दर घ्या, इथे तो ५५ आहे, म्हणजे वाढ ८२५. पण आधी मालाची अवस्था पाहा. साठा किंमत आणि निव्वळ वसुलीयोग्य मूल्य यांपैकी कमी रकमेला दाखवायचा, असं आयएएस २ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. गॅस्केट वाळून तडकलेले असतील तर ५५ चा दर लावण्यात अर्थ नाही.

खराब माल तुटीत टाकण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती मोडा. वाकलेला बेअरिंग रॅकवर असेल तर तो मोजायचा, संख्येत तूट दाखवायची नाही, आणि त्याचं मूल्य कमी करण्याचा प्रस्ताव वेगळ्या यादीत द्यायचा. नाहीतर पुस्तकातून गेलेला तो माल रॅकवर तसाच राहतो आणि पुढच्या मोजणीत वाढ म्हणून परत येतो.

## ८. पक्कं पत्रक आणि मिळवणी

सगळं करून झाल्यावर खरी तफावत अशी उरते:

| माल | समायोजित | मोजणी | तूट | वाढ | कारण |
|---|---|---|---|---|---|
| बेअरिंग | १३८ | १३६ | ४२० | | सापडलं नाही |
| बोल्ट | २,९५० | २,९३६ | ६३ | | सुटे नग वजनावर देताना पडलेला फरक, पुनर्मोजणीच्या मर्यादेत |
| रंग | ९६ | ८९ | ४,४८० | | सापडलं नाही |
| ग्रीस | २१२ | २०६ | १,५६० | | मान्य घट |
| गॅस्केट | ० | १५ | | ८२५ | परत आलेला माल, चिठ्ठी नव्हती |
| एकूण | | | ६,५२३ | ८२५ | |

बोल्टपुढचं कारण लिहिता आलं ते इश्यू करताना बोल्ट वजनावरून दिले जातात, एकेक मोजून नव्हे, हे स्टोअरच्या लेखी पद्धतीत आहे म्हणून. गॅस्केटचं कारण फोरमनने लेखी दिलं. नुसत्या तोंडी खुलाशावर दोन्ही ओळी ‘सापडलं नाही’ मध्येच राहिल्या असत्या.

कच्च्या पत्रकातले २०,६०४.५० कुठे गेले ते दाखवणारी मिळवणी खाली जोडा. तपासणारा आधी तीच मागतो:

- कच्ची निव्वळ तूट: −२०,६०४.५०
- बोल्टची एककाची चूक: +१३,०८१.५०
- गॅस्केटचा राहिलेला दर: +८२५
- उरलं: −६,६९८

हे ६,६९८ तीन भागांत फुटतात. बेअरिंगच्या उशिरा चढलेल्या कागदांचे −२,१००, वायरच्या कोड दुरुस्तीचे +१,१००, आणि खरी निव्वळ तफावत −५,६९८, म्हणजे ८२५ वजा ६,५२३. बेरीज बरोबर −६,६९८ येते. ती येत नसेल तर कुठली तरी ओळ दोनदा धरली गेली आहे किंवा कुठली तरी सुटली आहे. सही घेण्याआधी ती शोधा.

## ९. मंजुरी आणि नोंद

पत्रकावर मोजणारा, स्टोअरकीपर, हिशोबनीस आणि मंजुरी देणारा अशा वेगवेगळ्या सह्या हव्यात. समायोजन नोंद चढवण्याचा अधिकार स्टोअरकीपरच्या हाती नसावा. माल ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच पुस्तक दुरुस्त करता येत असेल तर पुढच्या मोजणीत काही सापडणारच नाही.

नोंद करताना तूट साठा खात्यात जमा आणि साठा तूट खात्यात नावे टाका. वाढ याच्या उलट. ग्रीसची मान्य घट आणि रंग-बेअरिंगची अकारण तूट वेगळ्या खात्यांत ठेवा. मान्य घट नेहमीच्या वापराच्या खर्चात जाते. अकारण तूट मात्र उरलेल्या मालाच्या किमतीवर चढवायची नाही, ती त्या काळाच्या खर्चात टाकून संपवायची.

प्रणालीत नोंद संख्येच्या फरकाने चढवा, नवीन शिल्लक लिहून नाही. मंजुरी येईपर्यंत दोन दिवस गेले आणि मधे रंगाचे ११ डबे दिले गेले, तर पुस्तकात ८५ उरतात. −७ चढवले की ७८ होतात आणि रॅकवरही ७८ च असतात. कुणी मोजणीचा आकडा म्हणून थेट ८९ लिहिलं, तर दोन दिवसांचा इश्यू पुसला जातो आणि पुढच्या मोजणीला ११ डब्यांची नवी तूट निघते.

शेवटी नोंदी चढल्यावर स्टॉक लेजरची एकूण रक्कम मुख्य लेजरमधल्या साठा खात्याशी जुळवा. कच्चं पत्रक, पक्कं पत्रक, मिळवणी आणि सगळ्या मोजणी चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवा. ‘कारण सापडलं नाही’ लिहिलेल्या ओळींची यादी मात्र फाइलमध्ये बंद करू नका. बेअरिंग आणि रंग पुढच्या महिनाअखेरीची वाट न पाहता, दोन आठवड्यांनी न सांगता पुन्हा मोजा.